ताटातली प्रथिनं (लेखांक ५) : भाकरीच्या शेजारी काय?

मागच्या आठवड्यात आपण रोज किती प्रथिनं लागतात याचा हिशेब मांडला. निरोगी प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम पुरतात, पण जेवणाचा भर धान्यावर असेल तर हा आकडा १ ग्रॅमच्या आसपास धरावा, असं त्या लेखाच्या शेवटी म्हटलं होतं. धान्य खाणाऱ्याला जास्त का लागावीत? आज त्याचं उत्तर शोधू. त्यासाठी मी ज्वारीची भाकरी निवडली आहे, कारण आपल्या रोजच्या धान्यांमध्ये हा प्रश्न तिच्याइतका ठळक कुठेच दिसत नाही.

प्रथिनं २० प्रकारच्या अमिनो आम्लांची बनलेली असतात. त्यांपैकी ९ आपल्या शरीराला तयार करता येत नाहीत, ती अन्नातूनच यावी लागतात. जुन्या छापखान्यात कंपोझिटर केसमधून एकेक खिळा उचलून मजकूर जुळवायचा. समजा, लग्नपत्रिका जुळवायची आहे आणि केसमध्ये 'ळ' चे खिळे थोडेच आहेत. 'क' आणि 'र' चे ढीग पडलेले असले तरी 'ळ' संपला की काम तिथेच थांबतं. शरीराचंही तसंच होतं. एक आवश्यक अमिनो आम्ल कमी पडलं की बाकीची त्या प्रमाणात बांधकामाला निरुपयोगी ठरतात. छापखान्यात उरलेले खिळे केसमध्ये परत ठेवता येतात. शरीराकडे मात्र असं कोठार नाही. जास्तीची अमिनो आम्लं ते इंधन म्हणून जाळतं आणि त्यातला नायट्रोजन युरिया होऊन लघवीवाटे जातो.

धान्यांमधला 'ळ' म्हणजे लायसिन. प्रौढांच्या गरजेप्रमाणे १ ग्रॅम प्रथिनात ४५ मिलिग्रॅम लायसिन असायला हवं. तांदळात ते ३६ च्या आसपास, गव्हात २७ च्या आसपास, आणि ज्वारीत जेमतेम २१. म्हणजे गरजेच्या निम्म्याहून कमी. डाळी-कडधान्यांचं चित्र उलटं. मूग, तूर, हरभरा यांच्यात लायसिन ६५ ते ७० मिलिग्रॅम असतं, पण मेथायोनिन आणि सिस्टीन ही गंधकयुक्त जोडी थोडी तोकडी पडते. ती धान्यात भरपूर असते. दूध, दही, पनीर यांच्यात लायसिन ८० च्या जवळ असून बाकीचंही काही कमी नसतं. वाण, जमीन, पाऊस यांप्रमाणे हे आकडे थोडे मागेपुढे होतात, पण त्यांचा क्रम बदलत नाही.

आता ताट वाढू. प्रत्येकी ६० ग्रॅम पिठाच्या दोन भाकऱ्या घेतल्या, तर १२० ग्रॅम पिठातून साधारण १२ ग्रॅम प्रथिनं मिळतात. त्यांत लायसिन २५२ मिलिग्रॅम, आणि १२ ग्रॅमला हवं ५४०. म्हणजे भाकरी नुसती खाल्ली तर गरजेच्या ४७ टक्केच लायसिन भरतं.

भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी घेतली तर? दाणे शेंगेतून येतात, वनस्पतिशास्त्र त्यांना कडधान्यांच्याच कुळात घालतं आणि प्रथिनं त्यांच्यात भरपूर असतात. म्हणून 'भाकरी आणि दाण्याची चटणी, झालं पूर्ण प्रथिन' असं अनेकजण धरून चालतात. इथेच गफलत होते. दाण्यातल्या प्रथिनात लायसिन ३६ मिलिग्रॅमच, म्हणजे तांदळाइतकंच. ३० ग्रॅम दाण्यांची चटणी (ही तशी भरपूरच झाली) ७ ग्रॅम प्रथिनं देते आणि २५२ मिलिग्रॅम लायसिन. ताटातली प्रथिनं १९ ग्रॅमवर जातात, पण लायसिन ५०४ वरच अडतं. ५९ टक्के. प्रथिनांचा आकडा फुगतो, 'ळ' ची टंचाई तशीच राहते. तिळाच्या चटणीचंही तेच. तिळात मेथायोनिन चांगलं असतं, पण भाकरीला त्याची ददातच नव्हती.

त्याच ३० ग्रॅमचं बेसन घेऊन झुणका केला तर? प्रथिनं मिळतात साडेसहा ग्रॅम, दाण्यांपेक्षा किंचित कमी. पण लायसिन मिळतं ४२९ मिलिग्रॅम. ताटाचा हिशेब ८२ टक्क्यांवर जातो. वजन तेच आणि प्रथिनंही जवळपास तेवढीच, तरी फरक एवढा मोठा. झुणका-भाकर ही जोडी कुणी रसायनशास्त्र शिकून ठरवली नव्हती, पण रसायनशास्त्र तिच्या बाजूने आहे.

आता मुगाची उसळ. कोरड्या ४० ग्रॅम मुगात ९ ग्रॅम प्रथिनं आणि सुमारे ६३० मिलिग्रॅम लायसिन असतं. दोन भाकऱ्या आणि ही उसळ मिळून प्रथिनं २१ ग्रॅम, लायसिन ८८२, हवं ९४५. म्हणजे ९३ टक्के. अगदी काठावर आलो. त्यात १०० ग्रॅम दह्याची एक वाटी घातली की ३ ग्रॅम प्रथिनं आणि २३४ मिलिग्रॅम लायसिन वाढतं. एकूण प्रथिनं २४ ग्रॅम, लायसिन १११६, हवं १०८०. हिशेब पुरा झाला. गंधकाच्या जोडीचीही चिंता नाही, ती भाकरीने आधीच भरून काढलेली असते.

या ताटाचं प्रमाण पाहा: १२० ग्रॅम धान्य, ४० ग्रॅम कडधान्य, १०० ग्रॅम दही, म्हणजे ३ : १ : २.५. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० च्या शिफारशींमध्ये धान्य, डाळ आणि दूध यांचं हेच प्रमाण सुचवलं आहे. दही-दूध खात नसाल तर ज्वारीबरोबर कडधान्य वाढवावं लागतं: १२० ग्रॅम पिठाला ६० ग्रॅम, म्हणजे दोनास एक. पोळी असेल तर ४० ग्रॅम मूगही कसेबसे पुरतात, कारण गव्हाची तूट कमी असते. दह्याऐवजी ३० ग्रॅम पनीर घेतलं तर साडेपाच ग्रॅम प्रथिनं मिळतात, आणि लायसिनचा हिशेब आरामात पुरा होतो. पनीरची खरी जोडी धान्याशी. डाळीत पनीर घातल्याने प्रथिनं वाढतील, पण लायसिनच्या बाबतीत दोघंही आधीच श्रीमंत आहेत.

कागदावर हे सगळं जुळतं, ताटात मात्र बिघडतं. कुठे, ते मला आमच्याच स्वयंपाकघरात दिसलं. एके दिवशी वरणाला डाळ घेताना ती आधी काट्यावर ठेवली. चौघांसाठी ८० ग्रॅम तूरडाळ भरली. शिजवून, घोटून, पाणी घालून पातेलंभर वरण झालं. प्रत्येकाच्या वाटीत कोरडी डाळ आली २० ग्रॅम, आणि तिच्यात प्रथिनं ४ ग्रॅमच्या जरा वर. वाटी काठोकाठ भरलेली होती, पण ती पाण्याने. भाताला एवढ्या डाळीने लायसिन पुरतं हे खरं, कारण तांदळाची तूट थोडी असते. पण १२० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ मिळून प्रथिनं १४ ग्रॅमच होतात. गुणवत्ता पूर्ण आणि प्रमाण अपुरं, असंही होऊ शकतं. ज्वारीबरोबर तर हीच २० ग्रॅम डाळ दोन्हीकडे कमी पडते.

मोडांचीही हीच कथा. मोड आल्यावर प्रथिनं वाढतात असं सर्रास म्हटलं जातं. दाण्यात नायट्रोजन बाहेरून येत नाही, मग प्रथिनं कुठून वाढणार? वाढतं ते पाणी. ४० ग्रॅम मूग मोड येऊन साधारण १०० ग्रॅम होतात आणि ९ ग्रॅम प्रथिनं त्या शंभरात पसरतात. मोडांमुळे पचनात अडथळा आणणारे काही घटक कमी होतात, हा त्यांचा खरा फायदा. पण कोशिंबिरीवर भुरभुरवलेले दोन चमचे मोड म्हणजे कोरडे मूग जेमतेम ५-७ ग्रॅम. ते ताट सजवतात, भाकरीची तूट भरत नाहीत. म्हणून मोजायचं ते नेहमी कोरडं वजन. उसळीला मूग भिजत घालतानाच माणशी मूठभर, म्हणजे ४० ग्रॅमच्या आसपास, पडले पाहिजेत. आपली मूठ केवढी हे एकदा काट्यावर पाहून ठेवलं की रोज काटा काढावा लागत नाही.

मग चटणी-भाकरीचं जेवण वाया गेलं का? नाही. १९७१ साली फ्रान्सिस मूर लापे या अमेरिकन लेखिकेच्या 'डाएट फॉर अ स्मॉल प्लॅनेट' या पुस्तकामुळे एकाच जेवणात जोड्या जुळवण्याचा विचार जगभर पसरला. दहा वर्षांनी नव्या आवृत्तीत त्यांनी स्वतःच तो आग्रह सोडला. अमिनो आम्लांचं कोठार नसलं तरी रक्तात आणि पेशींत त्यांचा छोटा फिरता साठा असतो, आणि आतड्यात झिरपणारी शरीराची स्वतःची प्रथिनंही पचून त्यात भर घालतात. त्यामुळे प्रौढांसाठी दिवसभराचा हिशेब जुळला की पुरे. ६० किलो वजनाच्या माणसाला दिवसाला सरासरी १८०० मिलिग्रॅम लायसिन लागतं. उसळ-दह्याच्या ताटाने त्यातलं ६२ टक्के एका जेवणात येतं, दाण्याच्या चटणीच्या ताटाने २८ टक्के. दुपारी चटणी-भाकरी झाली असेल तर रात्री घट्ट डाळ आणि कपभर दूध घेऊन ती उणीव भरता येते. अडचण येते ती दोन्ही वेळा भाकरी आणि तोंडी लावायला चटणीच असेल तेव्हा.

या हिशेबात एक गोष्ट धरलेली नाही, ती म्हणजे पचन. ज्वारीचं पीठ पाण्याबरोबर शिजलं की तिची प्रथिनं एकमेकांत घट्ट अडकतात आणि पाचकरसांना पुरती सुटत नाहीत. म्हणून वरचं प्रमाण काठावर न ठेवता उसळ थोडी सढळ वाढलेलीच बरी. लहान मुलांना वजनाच्या मानाने लायसिन जास्त लागतं आणि पोट छोटं असतं, म्हणून त्यांच्या प्रत्येक जेवणात डाळ किंवा दही असावं. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय डाळ वाढवू नये.

आमच्याकडे आता चौघांच्या वरणाला १६० ग्रॅम डाळ पडते. वाटी तेवढीच आहे, फक्त पळी पातेल्यात फिरवताना हाताला जड लागते.

(पुढच्या आठवड्यात : भिजवणं, मोड आणणं, आंबवणं यांनी पचन नेमकं किती सुधारतं?)