पडद्यावर फोटो का फाटतो?

लॅपटॉपवर ठीक दिसलेला फोटो सभागृहातल्या पडद्यावर गेला की ‘फाटतो’. कडा पुसट होतात, अक्षरं एकमेकांत मिसळतात. दोष बहुतेक वेळा प्रोजेक्टरवर ढकलला जातो, पण तो आधीपासून फाइलमध्येच असतो. लॅपटॉपच्या छोट्या पडद्यावर तो नजरेत येत नाही, एवढंच.

समजा, एका शिक्षिकेला लोणारच्या सरोवरावर व्याख्यान द्यायचं आहे. जून 2020मध्ये पाणी गुलाबी झालं होतं, तेव्हाचा फोटो त्यांना पूर्ण स्लाइडभर हवा आहे. इंटरनेटवर शोध घेतल्यावर जी लहान चित्रं रांगेत दिसतात, त्यांतलंच एक त्यांनी कॉपी करून स्लाइडवर चिकटवलं आणि कोपऱ्याला धरून ओढून मोठं केलं. त्या चित्राची रुंदी 320 पिक्सेल, म्हणजे आडव्या ओळीत रंगाचे फक्त 320 ठिपके. फुल एचडी प्रोजेक्टर एका ओळीत 1920 ठिपके दाखवतो. म्हणजे चित्रातला एकेक ठिपका सहापट रुंद आणि सहापट उंच ताणला गेला. एका ठिपक्याला छत्तीस जागा भराव्या लागल्या. मधले रंग सॉफ्टवेअर अंदाजानं भरतं, म्हणून चित्र धूसर दिसतं. फोटोत जे टिपलेलंच नाही, ते ताणून येणार कुठून?

यावर उपाय म्हणजे त्या चित्रावर क्लिक करून मूळ पानावर जाणं आणि तिथली मोठी प्रत उतरवून घेणं. विंडोजमध्ये फाइलवर राइट क्लिक करून Properties मधल्या Details मध्ये पाहिलं की रुंदी आणि उंची पिक्सेलमध्ये कळते. स्लाइडभर फोटोला साधारण 1920 रुंदी हवी, अर्ध्या स्लाइडला 960 पुरते. तिथंच dpi नावाचा आकडाही दिसतो आणि तो 72चा 300 करण्यात अनेकांचा वेळ वाया जातो. तो आकडा छपाईसाठी असतो. पिक्सेल तेवढेच राहिले, तर पडद्यावर काहीच सुधारत नाही.

फोटो मोबाइलवर स्वतः काढलेला असेल, तर पिक्सेलची चणचण नसते. बारा मेगापिक्सेलचा फोटो साधारण 4000 रुंद असतो; त्याचा चौथाई रुंदीचा तुकडा कापला तरी 1000 उरतात आणि अर्धी स्लाइड सहज भरते. मात्र व्हॉट्सॅपवर फोटो म्हणून पाठवला की तो लहान होऊन जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवला, तर मूळ फाइल जशीच्या तशी पोचते.

बाईंची दुसरी स्लाइड नकाशाची. लोणार, मेहकर, बुलढाणा अशी नावं त्यावर आहेत. इथं पिक्सेल भरपूर आहेत, तरी अक्षरांभोवती मळकट डाग दिसतात आणि बारीक अनुस्वार कागदाच्या रंगात विरघळतात. कारण फाइल जेपेग आहे. जेपेग चित्राचे 8 बाय 8 पिक्सेलचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनातले बारीकसारीक फरक टाकून देऊन जागा वाचवतं. पाण्याच्या किंवा झाडीच्या फोटोत ही काटछाट डोळ्याला कळत नाही. पांढऱ्यावर काळं अक्षर असलं की लगेच कळते.

नकाशा, आलेख, स्क्रीनशॉट, बोधचिन्ह यांसाठी म्हणून पीएनजी घ्यावं. ते काहीच टाकून देत नाही. पण डाग पडलेलं जेपेग पीएनजी म्हणून साठवलं, तर डागही जसेच्या तसे जपले जातात. नकाशा जिथं तयार झाला, तिथूनच नव्यानं पीएनजी काढावा लागतो. तिथं एसव्हीजीची सोय असेल तर उत्तमच. त्यात ठिपके नसून रेषांची गणितं साठवलेली असतात, त्यामुळे रेघ कितीही मोठी केली तरी धारदार राहते. पॉवरपॉइंटच्या नव्या आवृत्त्या एसव्हीजी घेतात. उलट फोटो पीएनजीत साठवण्यात अर्थ नाही: फाइल कित्येक पटींनी फुगते आणि पडद्यावर फरक दिसत नाही.

एवढं सांभाळूनही घात होतो तो सेव्ह करताना. पॉवरपॉइंट फाइल हलकी ठेवण्यासाठी चित्रं आपणहून आकसू शकतं. विंडोजवर File, Options, Advanced या वाटेनं गेलं की Image Size and Quality खाली Do not compress images in file असा पर्याय आहे. तो निवडलेल्या फाइलपुरताच लागू होतो आणि आधी आकसलेलं चित्र त्यानं परत येत नाही. ते पुन्हा घालावं लागतं. म्हणून खूण करायची ती चित्रं घालण्याआधी. मेलसाठी हलकी प्रत हवी असेल तर Compress Pictures मध्ये 150 ppi निवडावं. नेहमीच्या 13.33 इंची रुंद स्लाइडवर त्याचे 2000 पिक्सेल होतात, ते फुल एचडीला पुरतात. 96 निवडलं तर 1280च उरतात.

मोठी प्रत कुठंच मिळाली नाही, तर 320 पिक्सेलचा फोटो स्लाइडच्या एका कोपऱ्यात लहानच ठेवावा आणि उरलेल्या जागेत मजकूर द्यावा.