छत्तीस घरांमागे एक मृत्यू

लंडनमधल्या १८५४ सालच्या कॉलऱ्याचा एक तक्ता मी पीएसएमच्या वर्गात दरवर्षी फळ्यावर लिहितो. पुस्तकात धूम्रपान आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचं उदाहरण असतं, तेही चांगलंच आहे. पण डॉ. जॉन स्नो यांच्या तक्त्यातला प्रत्येक आकडा कुणीतरी दारोदार फिरून मिळवलेला आहे, आणि तो कसा मिळवला हे कळलं की पुढची गणितं नुसती पाठ करावी लागत नाहीत.

टेम्सच्या दक्षिणेला दोन खासगी कंपन्या नळाचं पाणी विकत होत्या. साउथवर्क अँड वॉक्सहॉल ही कंपनी बॅटरसीजवळ पाणी उचलायची, म्हणजे जिथे शहराचं सांडपाणी नदीत उतरतं आणि भरतीबरोबर मागेपुढे हेलकावे खातं तिथे. लॅम्बेथ कंपनीने १८५२ मध्ये आपला उपसा वरच्या अंगाला, टेम्स डिटनला हलवला होता. दोघींची एकेकाळची स्पर्धा इतकी चुरशीची की बऱ्याच गल्ल्यांत दोन्हींचे नळ शेजारीशेजारी गेलेले. या घराला एकीचं पाणी, भिंतीपलीकडच्या घराला दुसरीचं. श्रीमंत-गरीब, धंदा, हवा, सगळं सारखं. फरक तेवढा पाण्याचा. मुद्दाम ठरवून केलेल्या प्रयोगातही गट इतके सारखे क्वचितच जमतात.

विल्यम फार यांच्या जनरल रजिस्टर ऑफिसातून स्नो यांना मृतांचे पत्ते मिळाले. त्या घरात पाणी कोणत्या कंपनीचं, हे मात्र स्वतः जाऊन विचारावं लागलं. काही भागात जॉन जोसेफ व्हायटिंग या सहकाऱ्याने मदत केली. आठवड्याच्या भाड्याने राहणाऱ्या लोकांना कंपनीचं नाव ठाऊक नसायचं, कारण पाणीपट्टी घरमालक भरायचा. मग स्नो नळाचं पाणी छोट्या बाटलीत घेऊन यायचे आणि त्यात सिल्व्हर नायट्रेट घालायचे. पाण्यात क्लोराइड असेल तर पांढरा साका धरतो. बॅटरसीच्या पाण्यात दर गॅलनला ३७.९ ग्रेन मीठ होतं, टेम्स डिटनच्या पाण्यात ०.९५ ग्रेन. हा प्रयोग आमच्या प्रॅक्टिकल हॉलमध्ये सहज होतो. एका परीक्षानळीत चिमूटभर मीठ घातलेलं पाणी, दुसरीत डिस्टिल्ड वॉटर. दोन थेंबांत पहिली नळी दुधासारखी होते, दुसरी ढिम्म हलत नाही. साका उजेडात राहिला तर जांभळट करडा पडतो. एक्स्पोजर मोजणं म्हणजे काय, हे मुलांना त्या नळीतून जितकं कळतं तितकं व्याख्येतून कळत नाही.

साथीच्या पहिल्या सात आठवड्यांचा, म्हणजे २६ ऑगस्टपर्यंतचा, तक्ता असा:

| पाणी | घरं | कॉलऱ्याचे मृत्यू |
|---|---|---|
| साउथवर्क अँड वॉक्सहॉल | ४०,०४६ | १,२६३ |
| लॅम्बेथ | २६,१०७ | ९८ |
| उरलेलं लंडन | २,५६,४२३ | १,४२२ |

घरांचे आकडे कंपन्यांनी पार्लमेंटला दिलेल्या माहितीतले. स्नो यांनी दर दहा हजार घरांमागे मृत्यू छापले: ३१५, ३७ आणि ५९. तिसरा भागाकार करून पाहा, ५५ येतात. एकशे सत्तर वर्षं छापील असलेली ही चूक मी आधी सांगत नाही. कॅल्क्युलेटर हातात असलेल्या कुणाला ती सापडते आणि कुणाला नाही, हे पाहण्यात गंमत असते.

तूर्त वरच्या दोन ओळी घेऊ. लॅम्बेथचा दर ३७ ऐवजी नेमका ३७.५ धरू. ३१५ ला ३७.५ ने भागलं की ८.४ येतात, हा रिलेटिव्ह रिस्क. त्याच दोन आकड्यांची वजाबाकी केली की २७८. हा अ‍ॅट्रिब्युटेबल रिस्क: साउथवर्कचं पाणी असलेल्या दर दहा हजार घरांमागे २७८ मृत्यू जास्तीचे झाले. जास्तीचे म्हणजे त्याच घरांना लॅम्बेथचं पाणी असतं तर जे झाले नसते ते. लॅम्बेथची ओळ इथे साउथवर्कच्या घरांच्या न घडलेल्या भविष्याची जागा घेते. दोन्ही गट इतके सारखे नसते तर ही वजाबाकी करायला मी धजावलो नसतो. २७८ ला ३१५ ने भागलं की ८८ टक्के. साउथवर्कच्या घरांतल्या दर शंभर मृत्यूंपैकी ८८ त्या पाण्याच्या खात्यावर. शंभरातले नेमके कोणते ८८, हे कुणालाच दाखवता येणार नाही. कोर्टात मात्र वकील नेमकं तेच विचारतात.

पुढचा प्रश्न वेगळा आहे. पाणी बदललं असतं तर सगळ्या समाजातले किती टक्के मृत्यू टळले असते? हे पॉप्युलेशन अ‍ॅट्रिब्युटेबल फ्रॅक्शन. त्याचं लेव्हिनचं सूत्र पुस्तकात असतं, पण मी ते शेवटी सांगतो, कारण सूत्र आधी हाती दिलं की तक्त्याकडे कुणी पाहत नाही. सरळ मार्ग असा. ४०,०४६ घरांना लॅम्बेथचा दर लावला तर १५० मृत्यू अपेक्षित. झाले १,२६३. म्हणजे १,११३ जास्तीचे. दोन्ही कंपन्यांच्या घरांत मिळून मृत्यू १,३६१. भागाकार ८२ टक्के. लेव्हिनच्या सूत्रानेही तेवढेच येतात.

एका वर्षी एक मुलगी उठून म्हणाली, "सर, तिसरी ओळ का सोडली? तेही लंडनच ना?"

"घे ना मग तू," मी म्हटलं.

तिने घेतली. जास्तीचे मृत्यू तेच, १,११३. छेद मात्र आता सगळ्या लंडनचा, २,७८३. उत्तर ४० टक्के. पाणी तेच, जंतू तोच, रिलेटिव्ह रिस्क तोच ८.४, पण ८२ चे ४० झाले, कारण साउथवर्कची घरं दोन कंपन्यांच्या हिशेबात ६० टक्के होती आणि सगळ्या लंडनच्या हिशेबात १२ टक्केच उरली. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. ४० टक्के सांगणाऱ्याला शहराचा आरोग्य अधिकारी व्हायचं आहे आणि ८२ टक्के सांगणाऱ्याला दक्षिण लंडनचा, एवढाच फरक. वर्तमानपत्रात ‘अमुक टक्के मृत्यू तमुक कारणाने’ असं वाचलं की मी आधी शोधतो तो हा छेद. बहुतेक वेळा तो बातमीत नसतो.

आता नंबर नीडेड टू ट्रीट, म्हणजे एनएनटी. औषधांच्या चाचण्यांत तो जास्त दिसतो: किती रुग्णांना औषध दिलं की एकाचा फायदा होतो. इथे औषध म्हणजे नळाची जोडणी बदलणं. दहा हजार घरांची जोडणी बदलली की २७८ मृत्यू टळतात, मग एक टाळायला किती घरं? १०,००० भागिले २७८, म्हणजे ३६. इथे हटकून होणारी चूक म्हणजे ‘दर दहा हजारी’ विसरून एकाला २७८ ने भागणं. उत्तर एकापेक्षा कमी आलं की समजावं, कुठेतरी शून्यं सांडली. एकाहून कमी घरात नळ जोडून एक मृत्यू टाळणं कुणाला जमणार? अपूर्णांक आला तर वरचा पूर्णांक घ्यायचा, हा साधा रिवाज.

या ३६ ला दोन शेपट्या आहेत आणि त्या तोडून आकडा सांगितला की तो फसवा होतो. पहिली: ही घरं आहेत, माणसं नाहीत. घरात सरासरी सहा माणसं धरली तर एक जीव वाचवायला दोनशे सोळा जणांचं पाणी बदलावं लागेल. दुसरी शेपटी काळाची. पहिल्या चार आठवड्यांचे आकडे स्नो यांनी स्वतंत्र दिले आहेत: साउथवर्क २८६ मृत्यू, लॅम्बेथ १४. त्यावर एनएनटी काढला तर १५२ घरं येतात. तीन आठवड्यांनी तोच ३६ वर उतरतो. रिलेटिव्ह रिस्क मात्र त्याच काळात तेरापेक्षा जास्त होता, तो ८.४ वर घसरला. म्हणजे गुणोत्तर पाहणारा म्हणेल पाण्याचा दोष कमी होत चालला, आणि एनएनटी पाहणारा म्हणेल नळ बदलण्याचा फायदा चौपट झाला. वर्गात या जागी हमखास गोंगाट होतो, आणि मी तो होऊ देतो.

गुणोत्तर का घसरलं, याचं उत्तर स्नो यांनी स्वतःच दिलं आहे. साथ पसरली तसा साउथवर्कच्या घरांतला आजार इतर वाटांनी लॅम्बेथच्या घरांतही शिरू लागला. शेजाऱ्याची शुश्रूषा, कामाच्या ठिकाणी प्यायलेलं पाणी, न धुतलेले हात. लॅम्बेथचा ३७.५ हा दर आपण ‘पाणी चांगलं असतानाचा’ म्हणून धरला, पण त्यातले काही मृत्यू भिंतीपलीकडच्या वाईट पाण्याचेच होते. म्हणून आपली वजाबाकी थोडी तोकडी पडते. खरा अ‍ॅट्रिब्युटेबल रिस्क २७८ पेक्षा मोठा, खरा एनएनटी ३६ पेक्षा लहान. किती लहान, हे या तक्त्यातून निघत नाही. कर्करोगाच्या तक्त्यात ही अडचण येत नाही, कारण शेजाऱ्याचा कर्करोग भिंत ओलांडत नाही. लसीच्या अभ्यासात ती कायम येते. लस न घेतलेल्यालाही शेजाऱ्याच्या लशीचा आडोसा मिळतो आणि त्या तक्त्यातही फरक दिसतो त्याहून खरा फायदा मोठा असतो.

शिवाय छत्तीस घरं निवडून त्यांचा नळ बदला, असं कुणी कधी केलं नाही. करायची गरजही नव्हती. १८५२ च्या कायद्याने लंडनच्या पाणी कंपन्यांना भरती-ओहोटीच्या पट्ट्यातून पाणी उचलायला बंदी केली होती आणि त्यासाठी ३१ ऑगस्ट १८५५ पर्यंतची मुदत दिली होती. साउथवर्क अँड वॉक्सहॉलने उपसा हॅम्प्टनला नेला तेव्हा सगळ्या घरांचं पाणी एकदम बदललं. १८६६ मध्ये कॉलरा पुन्हा आला, तेव्हा बहुतेक मृत्यू पूर्व लंडनमध्ये झाले आणि फार यांनी बोट ठेवलं ते ईस्ट लंडन वॉटर कंपनीच्या पाण्यावर. तक्ता पुन्हा तसाच मांडता येतो, फक्त पहिल्या ओळीतलं नाव बदलतं.