पॅचखालच्या कातडीचं काय?

केस गेल्यावर हेअर पॅच किंवा विग लावणाऱ्यांची संख्या आता अंबाजोगाईसारख्या गावातही नवलाची राहिलेली नाही. पॅच बसवून घ्यायला लोक लातूर, संभाजीनगर नाहीतर पुण्याला जातात. बसवणारा आरसा दाखवतो, फोटो काढून देतो, पुढच्या सर्व्हिसिंगची तारीख सांगतो. पण मधल्या तीन आठवड्यांत त्या पॅचखाली असलेल्या कातडीची काळजी कशी घ्यायची, हे सांगायला फारसं कुणी बसत नाही.

नेहमी दिसणारा एक प्रसंग घेऊ. तिशीतला एक तरुण, दिवसभर दुकानात उभा, येता-जाता डोक्यावर हेल्मेट. मार्चमध्ये पॅच बसवला, महिना-दीड महिना सगळं ठीक. मे महिन्यात ऊन चाळिशीपार गेलं, घामाने पॅचची पुढची कड सुटायला लागली. सर्व्हिसिंगला अजून दहा दिवस होते, म्हणून त्याने सुटलेल्या कडेखाली घरीच थोडा ग्लू भरला. दोन दिवसांनी परत भरला. आठवड्यात कपाळाच्या वर खाज सुरू झाली. पॅच काढला तेव्हा खाली बोटभर रुंदीचा लाल पट्टा होता. पट्टा बरोबर तिथेच, जिथे ग्लू होता. मधली टाळू मात्र स्वच्छ.

हा आकारच निदानाची अर्धी वाट दाखवतो. लाली ग्लूच्या किंवा टेपच्या आकाराची असेल, कडा रेषेसारख्या सरळ असतील, तर कारण बहुधा चिकटवण्याचा पदार्थच असतो. याउलट पॅचखाली जागोजागी, प्रत्येक केसाच्या मुळाशी पिवळसर टोकाच्या बारीक पुटकुळ्या असतील, तर तो केसांच्या मुळांचा जंतुसंसर्ग असतो. घाम आणि ओल कोंडून राहिल्याने तो होतो. सगळीकडे तेलकट पिवळी खपली आणि खाज असेल तर तो कोंड्याचाच वाढलेला प्रकार. आणि गोल, कडेला उठावदार, पसरत जाणारा चट्टा दिसला तर गजकर्णाची शंका घ्यावी. चारही प्रकारांत खाज येते, पण उपचार वेगळे आहेत.

ग्लूमुळे होणाऱ्या त्रासाचेही दोन प्रकार असतात. पहिला म्हणजे साधी जळजळ. ग्लू ओला असतानाच पॅच दाबला, थरावर थर चढवले किंवा कोरडा पॅच ओढून काढला की कातडीचा वरचा थर सोलला जातो. हे कुणालाही होऊ शकतं आणि विश्रांती दिली की काही दिवसांत बरं होतं. दुसरी खरी ॲलर्जी. बहुतेक ग्लू आणि टेप ॲक्रिलेट जातीच्या रसायनांपासून बनतात, काहींत लॅटेक्स किंवा राळही असते. यांची ॲलर्जी पहिल्या दिवशी दिसेलच असं नाही. महिनोन्‌महिने तोच ग्लू वापरल्यावर एखाद्या दिवशी ती सुरू होते आणि मग बहुधा कायमची राहते. ‘इतके दिवस तर काही झालं नाही’ हा युक्तिवाद म्हणूनच चालत नाही. ॲलर्जीत खाज फार असते, पाण्याचे फोड येऊ शकतात आणि लाली ग्लूच्या रेषेपलीकडे, कधी पापण्यांपर्यंतही पसरते.

नवीन ग्लू किंवा टेप डोक्यावर लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला नखाएवढा भाग लावून दोन दिवस ठेवावा. काढल्यावर आणखी दोन दिवस लक्ष ठेवावं, कारण ॲलर्जी उशिरा उमटते. खाज, लाली, पुरळ यांपैकी काहीही आलं तर तो पदार्थ आपला नाही. काही आलं नाही म्हणून पुढे कधीच येणार नाही, असं मात्र नाही.

आता काढण्याबद्दल, कारण जास्तीत जास्त कातडी इथेच जाते. कडेला रिमूव्हर लावून निदान तीन ते पाच मिनिटं थांबायचं. ग्लू मऊ झाला की पॅच जवळजवळ आपोआप उचलला जातो. ओढावा लागला तर रिमूव्हर अजून हवं आहे असं समजायचं. रिमूव्हर नसेल तर खोबरेल तेलही टेपचा गोंद सैल करतं, फक्त वेळ जास्त लागतो. नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन किंवा पेट्रोल डोक्याला लावू नका. स्पिरिटवर आधारलेलं रिमूव्हर लगेच पेट घेतं, तेव्हा हे काम गॅसजवळ किंवा देवघरात दिवा लागलेला असताना नको.

मग कातडीवर राहिलेला चिकटा बोटांनी हलक्या हाताने काढायचा. नखं किंवा ब्लेड नको. सौम्य शाम्पूने डोकं दोनदा धुवायचं. बोअरच्या जड पाण्यात शाम्पूचा अंश कातडीवर राहतो, म्हणून शेवटचे दोन तांबे भरलेल्या गोड्या पाण्याचे घेता आले तर बरं. टॉवेलने टिपून डोकं रात्रभर उघडं ठेवायचं. सकाळी मोबाइलने टाळूचा फोटो काढून नीट पाहायचं. कुठेही ओलसर, लाल किंवा सोललेला भाग असेल तर त्या दिवशी चिकटवायचं नाही. टोपी घाला, रुमाल बांधा, पण ग्लू नको.

तेलाचा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो. आई म्हणते, डोकं कोरडं पडलंय, तेल घाल. पॅच लावायच्या आदल्या रात्री तेल घातलं तर ग्लू धरत नाही आणि मग माणूस जास्त ग्लू लावतो. शिवाय कोंडा वाढवणारी बुरशी तेलकट पदार्थांवरच पोसते. तेल घालायचंच असेल तर पॅच उतरवलेल्या रात्री, आणि सकाळी शाम्पूने पूर्ण काढून टाकायचं. ग्लू लावताना थर पातळ हवेत आणि प्रत्येक थर पांढरटपणा जाऊन पारदर्शक होईपर्यंत थांबायला हवं. उन्हाळ्यात तीन आठवड्यांची सर्व्हिसिंग दीड-दोन आठवड्यांवर आणणं हे कड सुटल्यावर वरून ग्लू भरण्यापेक्षा किती तरी चांगलं.

केमोथेरपीमुळे केस गेलेल्यांचा हिशोब वेगळा आहे. केस बहुधा पहिल्या डोसनंतर दोन-तीन आठवड्यांत जातात आणि उपचार संपल्यावर काही महिन्यांत परत येऊ लागतात. त्या काळात कातडी नाजूक असते, प्रतिकारशक्ती कमी असते. त्यांनी ग्लू वापरूच नये. आत मऊ सुती टोपी आणि वर सैलसर विग पुरतो. घरी आल्यावर विग काढून डोक्याला हवा लागू द्यावी. कृत्रिम केसांचा विग फोडणी देताना किंवा कुकर उघडताना वाफेने आकसतो, वितळतो, हेही लक्षात असू द्या. विग धुताना बादलीभर कोमट पाण्यात थोडा शाम्पू टाकून बुचकळायचा, चोळायचा किंवा पिळायचा नाही, टॉवेलमध्ये दाबून सावलीत वाळवायचा.

खाज सुटली की मेडिकलमधून ‘तीन औषधांची एकच ट्यूब’ आणण्याची आपल्याकडे मोठी सवय आहे. त्यात स्टेरॉइड असतं. चार दिवस बरं वाटतं, पण गजकर्ण असेल तर ते वरून दबून आत पसरतं, आणि नंतर डॉक्टरांनाही ते ओळखू येत नाही.

वर सांगितलेल्या तरुणाने पॅच तीन आठवडे पूर्ण बंद ठेवायला हवा, कातडी शांत झाल्यावर दुसऱ्या ग्लूची कोपरावर चाचणी घ्यायला हवी. तरीही लाली आली तर प्रयोग थांबवून पॅच टेस्ट करून घ्यावी. त्यात पाठीवर वेगवेगळी रसायनं चिकटवून दोन आणि चार दिवसांनी पाहतात, आणि नेमकं काय टाळायचं ते कळतं. पू, ताप, डोळ्यांभोवती सूज किंवा मानेत गाठी आल्या तर मात्र वाट पाहू नये. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातील त्वचारोग विभागात किंवा जवळच्या त्वचारोगतज्ज्ञाकडे जाताना ग्लूची बाटली, टेपचं पाकीट आणि रिमूव्हर पिशवीत घालून न्या. पॅच घालून जाऊ नका. आदल्या रात्री काढून, डोकं धुऊन, काहीही न लावता जा.