पाच पिशव्यांची तपासणी आणि काय-वर्ग

दूध भरणाऱ्या यंत्राचं खरं प्रचरण σ² = 4 आहे आणि भरलेलं माप प्रसामान्य आहे, असं धरू. यादृच्छिक 5 पिशव्या मोजल्या, तर नमुना प्रचरण S² दुप्पट, म्हणजे 8 पेक्षा जास्त येण्याची संभाव्यता किती?

(n−1)S²/σ² हे n−1 स्वातंत्र्यमात्रांचं काय-वर्ग वितरण पाळतं. एक मात्रा नमुना सरासरी काढण्यात खर्च होते. इथे 4×8/4 = 8. मात्रा 4 असल्या की कोष्टकही लागत नाही:

P(χ² > 8) = e⁻⁴(1+4) ≈ 0.092

यंत्र ठणठणीत असूनही साधारण अकरा तपासण्यांत एकदा हे घडणारच! वितरण उजवीकडे लांबलेलं असल्यामुळे S² सुमारे 59% वेळा 4 च्या खालीच राहतं, तरी त्याची सरासरी नेमकी 4.

मूळ माप प्रसामान्य नसेल, तर मात्र नमुना वाढवूनही हे सूत्र सावरत नाही. त्यामुळे आधी आलेख काढून टोकाची मापं तपासा.