वहीतला नफा खरा किती?

दहापैकी सात सौदे जिंकणारा माणूसही शेअर बाजारात पैसे घालवू शकतो. सात वेळा पाचशे-पाचशे मिळाले आणि तीन वेळा दीड-दीड हजार गेले, तर हाती हजाराचा तोटाच उरतो. म्हणून नुसतं ‘किती वेळा जिंकलो’ हे मोजून भागत नाही.

समजा, एकाच पद्धतीने केलेले 50 सौदे वहीत नोंदले आहेत. 20 नफ्याचे, सरासरी 2,600 रुपये. 30 तोट्याचे, सरासरी 1,400 रुपये. नफ्याचं प्रमाण 40 टक्के, म्हणून 2,600 चे 1,040. तोट्याचं 60 टक्के, म्हणून 1,400 चे 840. वजाबाकी केली की दर सौद्यामागे सरासरी 200 रुपये सुटतात. याला अपेक्षित मूल्य म्हणतात. दलाली आणि कर आधी वजा केले नसतील, तर ते यातूनच जातील.

आकडा शून्याच्या वर आला, की बहुतेक जण वही मिटतात. खरं तर इथेच ती पुन्हा चाळावी. त्या वीसांपैकी एका सौद्यात 14,000 मिळाले असतील, तर तेवढा एक बाजूला काढून पाहा. उरलेल्या 19 सौद्यांचा नफा 38,000, तोटा मात्र 42,000. म्हणजे दर सौद्यामागे सुमारे 82 रुपयांचा खड्डा! क्वचित मोठा घास मिळवणं हाच पद्धतीचा स्वभाव असेल, तर हे चालतं. पण तसं म्हणायला एक घास पुरत नाही, आणखी शंभरेक नोंदी हव्यात. त्यात ‘चुकून घेतला होता’ म्हणून गाळलेले तोट्याचे सौदेही आले.