विश्लेषण : चक्रव्यूहात यंत्रउंदीर वाट कशी शोधतो? भिंत धरून की आकडे मांडून?

बंद वाटांच्या चक्रव्यूहात एक छोटी गाडी सोडायची आणि तिने कुणाच्याही मदतीशिवाय मधल्या घरापर्यंत पोहोचायचे, असा ‘मायक्रोमाऊस’ स्पर्धेचा खेळ. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांमध्ये तो अनेक वर्षे लोकप्रिय आहे. आयआयटी मुंबईच्या ‘टेकफेस्ट’मध्येही ही स्पर्धा झाली आहे. या उंदराला वाट शोधून देणाऱ्या दोन पद्धती कोणत्या, आणि त्या चालण्यासाठी अंतर मोजणारे सेन्सर नेमके कुठे बसवावे लागतात?

‘बिनडोक’ उंदीर का जिंकला?

अमेरिकेतील ‘आयट्रिपलई स्पेक्ट्रम’ या नियतकालिकाने जाहीर केलेल्या स्पर्धेची अंतिम फेरी १९७९ मध्ये न्यूयॉर्कला झाली. तिथे सर्वांत वेगवान ठरला तो नकाशा वगैरे काही न बनवणारा, फक्त भिंतीला चिकटून धावणारा उंदीर. अंधाऱ्या खोलीत आपण डावा हात भिंतीवर ठेवून चालत राहतो, तसाच हा प्रकार. डावीकडे वाट असेल तर वळायचे, नसेल तर सरळ, तीही नसेल तर उजवीकडे आणि काहीच नसेल तर माघारी.

त्या चक्रव्यूहात आत शिरण्याची आणि बाहेर पडण्याची अशी दोन्ही दारे बाहेरच्या भिंतीतच होती. त्यामुळे भिंत सोडली नाही तर बाहेर पडणे नक्की होते. पुढच्याच वर्षी लंडनच्या स्पर्धेत लक्ष्य मधोमध नेले गेले. मधल्या घराभोवतीच्या भिंती बाहेरच्या भिंतीला कुठेही जोडलेल्या नसतील, तर हात धरून चालणारा उंदीर बाहेरून फेरी मारतो आणि जिथून निघाला तिथेच परत येतो.

मग फ्लड फिल काय करते?

लक्ष्याच्या घरात पाणी ओतले आणि ते वाटावाटांतून पसरू लागले, अशी कल्पना करा. ज्या घरात पाणी जितक्या पावलांनी पोहोचेल, तो त्या घराचा आकडा. सुरुवातीला भिंती माहीत नसतात, म्हणून उंदीर मध्ये भिंतीच नाहीत असे धरून चालतो. समजण्यासाठी पाच बाय पाचचा पट घेऊ. मधले ० हे लक्ष्य आणि डावीकडे खालचा ४ ही सुरुवात.

```
४ ३ २ ३ ४
३ २ १ २ ३
२ १ ० १ २
३ २ १ २ ३
४ ३ २ ३ ४
```

नियम एकच : नेहमी लहान आकड्याच्या घराकडे जायचे. उंदीर ४ वरून वरच्या ३ मध्ये गेला. तिथे उजवीकडे भिंत दिसली, ती त्याने नोंदवली. वर २ आहे, म्हणून तो पुढे गेला. तिथे मात्र समोर आणि उजवीकडे दोन्हीकडे भिंत. आता या घरातून जाता येईल असा शेजारी फक्त खालचा ३. प्रत्येक घराचा आकडा हा त्याच्या उघड्या शेजाऱ्यांपैकी सर्वांत लहान आकड्यापेक्षा एकने मोठा असला पाहिजे, म्हणून २ चा झाला ४. त्यामुळे खालच्या ३ चे दोन्ही उघडे शेजारी ४ झाले आणि तो स्वतः ५ झाला. मग वरचा पुन्हा बदलून ६. सुरुवातीचे घर मात्र ४ च राहिले, कारण त्याच्या उजवीकडे अजून ३ आहे.

उंदीर ६, ५, ४ असा खाली उतरतो आणि उजवीकडे वळतो. भिंत धरणारा उंदीरही या बोळातून बाहेर आलाच असता, पण पुढच्या फेरीत तो पुन्हा तिथेच घुसला असता. फ्लड फिलवाल्याला तिथे ६ लिहिलेले दिसते.

स्पर्धेचा पट १६ बाय १६, म्हणजे २५६ घरांचा असतो. प्रत्येक घराला दोन बाइट धरल्या तरी आकड्यांना ५१२ बाइट लागतात. आर्डुइनो उनोच्या २ केबी रॅममध्ये ते सहज मावते. त्यामुळे ‘माझा बोर्ड लहान आहे’ ही सबब इथे चालत नाही.

सेन्सरची जागा इतकी महत्त्वाची का?

भिंत धरणाऱ्या उंदराचे एखादे वाचन चुकले तर तो थोडा डगमगतो आणि सावरतो. फ्लड फिलमध्ये चुकीची भिंत नकाशात कायमची बसते. म्हणून या पद्धतीत सेन्सरच्या जागेचा हिशेब आधी करावा लागतो.

घर १८ सेंटिमीटरचे आणि भिंत १.२ सेंटिमीटर जाड. म्हणजे मोकळी रुंदी १६.८, आणि मधोमध चालणाऱ्या उंदरापासून बाजूची भिंत ८.४ सेंटिमीटरवर. सेन्सर चाकांच्या रेषेवर काटकोनात बसवला, तर ज्या घरात उंदीर आहे तिथलीच भिंत दिसते. वाट आहे हे कळते तेव्हा वळायला जागा उरलेली नसते.

आता तोच सेन्सर मध्यरेषेपासून ४ सेंटिमीटर बाजूला, चाकांच्या रेषेपासून ४ सेंटिमीटर पुढे आणि ४५ अंशांत बसवू. भिंत सेन्सरपासून बाजूला ४.४ सेंटिमीटर राहते. ४५ अंशांत किरण जितका बाजूला जातो तितकाच पुढे जातो, म्हणून तो चाकांच्या ८.४ सेंटिमीटर पुढे भिंतीवर पडतो.

यातच एक सापळा आहे. चाके घराच्या बरोबर मध्यावर असताना वाचन घेतले तर किरण पडतो तो दोन घरांमधल्या खांबावर, कारण खांब मध्यापासून ८.४ ते ९.६ सेंटिमीटरवर असतो. भिंत नसली तरी खांब असतोच, त्यामुळे सेन्सर प्रत्येक घरात ‘भिंत आहे’ असेच सांगतो. चाके ९.६ सेंटिमीटर पुढे गेली, म्हणजे नुकतीच पुढच्या घरात शिरली, की किरण त्या घराच्या बाजूच्या मध्यावर पडतो. वाचन घ्यायचे ते तिथे, चाकांचे एन्कोडर मोजून. घराच्या मध्यापर्यंत अजून ८.४ सेंटिमीटर शिल्लक असतात. सेकंदाला एक मीटर वेगाने जाणाऱ्या उंदराला हे ८४ मिलिसेकंद पुरतात.

समोरची भिंत पाहायला आणखी एक किंवा दोन सेन्सर लागतात. दोन असले तर त्यांच्या वाचनांतील फरकावरून उंदीर तिरका झालाय का, तेही कळते.

बाजारातला कोणताही सेन्सर चालतो का?

नाही. बरीच मुले शार्पचा GP2Y0A21 घेतात. त्याची मर्यादा १० ते ८० सेंटिमीटर आहे. १० च्या आत आल्यावर त्याचा व्होल्टेज वाढण्याऐवजी पुन्हा उतरतो, म्हणजे ४ सेंटिमीटरवरची भिंत लांब वाटते. ओळखायची खूण सोपी आहे : उंदीर भिंतीकडे सरकला की दूर होण्याऐवजी आणखी चिकटतो. ४ ते ३० सेंटिमीटरचा GP2Y0A41 किंवा साधी इन्फ्रारेड एलईडी आणि फोटोट्रान्झिस्टरची जोडी इथे बरी. जोडी वापरताना एलईडी बंद असतानाचे वाचन चालू असतानाच्या वाचनातून वजा करावे लागते, नाहीतर हॉलमधले दिवे आणि खिडकीतले ऊन मोजले जाते. भिंतीची उंची ५ सेंटिमीटरच असते, म्हणून किरण वर किंवा खाली झुकलेला नको.

आणि खोटी भिंत नकाशात बसलीच तर? उंदीर मोकळ्या दिसणाऱ्या वाटेसमोरून परत फिरतो, मग त्याच चार-पाच घरांत घुटमळतो आणि आकडे वाढतच जातात. २५६ घरांच्या पटात कुठल्याही घरापासून लक्ष्य २५५ पावलांपेक्षा लांब असूच शकत नाही. उंदीर उभा असलेल्या घराचा आकडा त्यापुढे गेला, तर लक्ष्याकडची प्रत्येक वाट नकाशात बंद झाली आहे आणि त्यातली निदान एक भिंत खोटी आहे. अशा वेळी नकाशा पुसून पुन्हा शोध सुरू करणे, हाच अनेक संघांचा उपाय असतो. मात्र घड्याळ तेवढ्यात थांबत नाही.