चार दिवस कशाला?

‘पोटदुखी. पित्ताशयात खडे. दुर्बिणीतून ऑपरेशनचा सल्ला. अपेक्षित मुक्काम ४ दिवस.’ कॅशलेसच्या पूर्वपरवानगीच्या फॉर्मवर डॉक्टरांनी एवढंच लिहिलं, तर पुढे काय होणार हे हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कवरची मंडळी डोळे मिटून सांगतात. क्वेरी येणार. दुखणं कधीपासून? रिपोर्ट कुठे आहे? औषधांवर भागणार नाही का? आणि चार दिवस कशाला?

विमा कंपनीने कॅशलेसच्या अर्जावर एका तासात निर्णय द्यावा, असं विमा नियामकाने २०२४ मध्ये बजावलं आहे. पण अर्जच अपुरा असेल तर त्या तासात मंजुरीऐवजी प्रश्न हाती पडतो. पलीकडे फॉर्म तपासणारा बहुतेकदा डॉक्टरच असतो, मात्र त्याने पेशंट पाहिलेला नसतो. त्याच्यासमोर असतात फक्त कागद. पित्तखड्यांचं ऑपरेशन दुर्बिणीतून झालं की पेशंट साधारण एक-दोन दिवसांत घरी जातो, हे त्याला पाठ असतं. त्याहून जास्त मागायचं तर कारण कागदावरच दिसायला हवं.

समजा, ५६ वर्षांच्या एक बाई आहेत, मधुमेही. त्यांच्या फॉर्मवर असं लिहिता येईल: ‘गेल्या तीन महिन्यांत जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येण्याचे तीन प्रसंग. शेवटचा दहा दिवसांपूर्वी, उलट्यांसह. इंजेक्शन घ्यावं लागलं. सोनोग्राफीत अनेक खडे, सर्वांत मोठा १४ मिमी, पित्ताशयाची भिंत ५ मिमी जाड. पित्तनलिका फुगलेली नाही, बिलिरुबिन नॉर्मल. निदान: खड्यांमुळे पित्ताशयाचा जुना दाह. उपचार: दुर्बिणीतून पित्ताशय काढणे, पूर्ण भूल देऊन.’

यात विशेषण एकही नाही. ‘तीव्र वेदना’ असं लिहिलं असतं तर तपासणाऱ्याला त्यातून काहीच मोजता आलं नसतं. कळ तीनदा आली आणि इंजेक्शन लागलं, म्हणजे हे खडे सोनोग्राफीत योगायोगाने सापडलेले नाहीत, त्रास देणारे आहेत. त्रास न देणाऱ्या खड्यांना बहुधा हात लावत नाहीत, म्हणून ऑपरेशनचा आधार इथेच आहे. भिंत एरवी ३ मिमीपर्यंत असते. ५ मिमी म्हटलं की दाहाचा पुरावा मिळतो. नलिका आणि बिलिरुबिन नॉर्मल हे लिहिणंही तितकंच महत्त्वाचं. नाहीतर ‘नलिकेत खडा अडकला आहे का, आधी एमआरसीपी केली का?’ ही क्वेरी ठरलेलीच. निदानाचा आयसीडी कोडही या मजकुराशी जुळला पाहिजे. K80.1 म्हणजे दाहासह खडे, K80.2 म्हणजे दाहाविना. मजकुरात दाह आणि कोडमध्ये नाही, असं झालं की फॉर्म परत येतो.

आता मुक्काम. ‘मधुमेह आहे म्हणून ४ दिवस’ हे कारण पुरत नाही. प्रत्येक रात्रीचं काम सांगावं लागतं. या बाईंची भूलपूर्व तपासणी ओपीडीतच झाली आहे, म्हणून त्या ऑपरेशनच्याच सकाळी दाखल होतील. आदल्या रात्रीची खाट मागायचं कारण उरलं नाही. पहिली रात्र सलाईन, दर काही तासांनी साखर तपासून इन्सुलिन. दुसरी रात्र, कारण एचबीएवनसी ८.४ आहे आणि तोंडाने जेवण सुरू होऊन साखर आटोक्यात आल्याशिवाय गोळ्यांवर परत नेता येणार नाही. तिसऱ्या दिवशी डिस्चार्ज. अशी मांडणी केल्यावर मागणी आपोआप चारवरून तीन दिवसांवर येते. ‘निरीक्षणासाठी’ हा शब्द मात्र टाळावा. नुसत्या तपासण्यांसाठी किंवा विश्रांतीसाठी दाखल होणं पॉलिसीत वगळलेलं असतं आणि हा शब्द नेमका तिकडेच बोट दाखवतो.

सगळ्यांत नाजूक रकाना कालावधीचा. पित्तखड्यांना पुष्कळ पॉलिसींत दोन वर्षांचा प्रतीक्षाकाळ असतो. डॉक्टर घाईत ‘जुनं दुखणं’ लिहून मोकळे होतात आणि तपासणारा विचारतो, पॉलिसी घेण्याआधीपासून का? पहिली कळ कधी आली आणि पहिल्यांदा डॉक्टरांना कधी दाखवलं, या तारखा खऱ्या लिहाव्यात आणि त्या केसपेपरशी जुळाव्यात. मधुमेहाचा महिना-वर्षही तसाच. पेशंटची सही असते, तेव्हा सही करण्याआधी एवढे दोन रकाने नातेवाइकांनी वाचावेतच. तारीख सोयीची करून घ्यायचा मोह महागात पडतो, कारण जुना केसपेपर मागवला की तफावत उघडी पडते आणि मग मंजूर झालेला दावाही अडकतो.

ऑपरेशन टेबलावर पोट उघडावं लागलं, तर खर्च आणि दिवस दोन्ही वाढतात. त्याची भरपाई आधीच्या अंदाजात गुपचूप दोन दिवस वाढवून करू नये. त्या वेळी ऑपरेशनची नोंद जोडून वाढीव मंजुरी मागता येते. कॅशलेस नाकारलं गेलं, तरी तेवढ्याने दावा संपत नाही. बिल भरून, हीच कागदपत्रं जोडून नंतर परताव्यासाठी अर्ज करता येतो. तेव्हाही तपासणारा आधी हाच फॉर्म काढतो, म्हणून त्याची एक प्रत घरी ठेवावी.